करवलीची साडी कुणाच्या खर्चाने?

लग्नसराई आली की पेण-रोह्याकडच्या घरांत विहीणबाईंची साडी, व्याह्यांचा फेटा, मामांचा पोशाख यांवरून कुरबुरी ठरलेल्याच असतात. अलीकडे त्यांत एका नव्या वादाची भर पडली आहे. नवरीमागे करवल्या म्हणून उभ्या राहणाऱ्या मैत्रिणींना आणि नवऱ्याच्या वरातीत नाचणाऱ्या दोस्तांना आभाराची भेट म्हणून काय द्यायचं? या मैत्रिणींत कुणी पहिलीपासूनची, तर कुणी ऑफिसात दोन वर्षांपूर्वी भेटलेली. कुणाचा महिन्याचा पगार लाखाच्या घरात, तर कुणाची रोजंदारी. या सगळ्यांना एकाच मांडवात कसं बसवायचं, यावर घरातली वडीलधारी माणसं आणि लग्नाचं कंत्राट घेणारे एकमुखाने सांगतात, "सगळ्यांना सारखं द्या. कुणाला बोलायला जागा उरत नाही."

हा सल्ला इतका शहाणा वाटतो की त्याला कुणी हटकत नाही. मला मात्र तो हटकायचा आहे. माझ्या मते तो भेटीपुरता बरोबर आणि न्यायापुरता चूक आहे. शिवाय या चुकीची किंमत हमखास सगळ्यात कमी पैसेवाल्या मैत्रिणीला मोजावी लागते.

सारखेपणा मोजायला सुरुवात कुठून करतात ते बघा. भेटीचा डबा हातात पडतो त्या क्षणापासून. त्याआधी महिनाभर काय झालं, ते कुणी धरत नाही. महिनाभर आधी एक ग्रुप निघतो, त्यात रंग ठरतो, साडीचा फोटो येतो, दुकानाचा क्यूआर कोड येतो आणि खाली एक ओळ येते, "ज्यांना जमणार नाही त्यांनी सांगा हं, काही प्रॉब्लेम नाही." ही ओळ लिहिणाऱ्याला ती उदार वाटत असते. पण ती वाचून ग्रुपमधल्या सात जणींसमोर "मला जमणार नाही" असं लिहिणारी मुलगी मी तरी पाहिलेली नाही. ती पैसे भरते. किंवा दोन दिवसांनी नवरीला वेगळा फोन करून म्हणते, "अगं, मला तो रंग शोभत नाही, मी आपली पाहुण्यांतच बसते." पुढे कधी "सुट्टी मिळत नाहीये" असं सांगते. रंग न शोभणं आणि सुट्टी न मिळणं ही दहातल्या बहुतेक वेळा पैशाची गोष्ट असते. ती नवरीला ओळखता आली पाहिजे.

आता एक हिशोब मांडून बघू. उदाहरण रचलेलं आहे, आकडे अंदाजाचे आहेत, पण या भागातल्या कुणालाही ते अनोळखी वाटू नयेत. नवरी पेणची, नवरा रोह्याचा. हळद आदल्या रात्री पेणला, लग्न रोह्याच्या हॉलमध्ये. करवल्या चार. पहिली मावसबहीण, अजून कॉलेजात, तिचा खर्च वडील करणार. दुसरी पुण्यात आयटीत. तिसरी नवरीची पहिलीपासूनची जिवाभावाची मैत्रीण, हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. चौथी नवरीच्या ऑफिसातली, ओळख नवी पण गोड.

तिसरीकडे जरा थांबून बघा. हमरापूर, जोहे या पेण तालुक्यातल्या गावांत मूर्तीचं काम जवळजवळ वर्षभर चालतं आणि उन्हाळा लागला की रंगाला जोर येतो. म्हणजे ऐन लग्नाचे मुहूर्त आणि तिच्या कमाईचे दिवस एकच. त्यात ती आखणी करणारी असेल, मूर्तीचे डोळे उघडणारी, तर तिच्या एका दिवसावाचून पुढच्या मूर्ती अडून बसतात. तिला भरपगारी रजा नसते. न गेलेला दिवस म्हणजे न मिळालेला रोज.

तिचा खर्च बघा. ग्रुपवर ठरलेली साडी २,२०० रुपये. ब्लाऊजची शिलाई ७००. 'सगळ्यांचा एकसारखा लूक' म्हणून पार्लरवालीचे १,५००. जाण्यायेण्याचे २००. हळदीचा आणि लग्नाचा असे दोन रोज बुडाले, ६०० प्रमाणे १,२००. एकूण ५,८०० रुपये. आणि नवरा-नवरीने आभाराचा म्हणून चौघींना दिला तो १,२०० रुपयांचा डबा, त्यात नाव छापलेला मग, सुगंधी मेणबत्ती, चॉकलेटं आणि कुंकवाची डबी. चौघींचे मिळून ४,८०० रुपये खर्च झाले, डबे तंतोतंत सारखे, फोटोही छान आले. पुण्याच्या मैत्रिणीने गाडीभाड्यासकट कदाचित तिसरीपेक्षा जास्त पैसे घातले असतील, पण तिच्या महिन्याला त्याने ओरखडाही उठला नाही. तिसरीची नऊ-दहा दिवसांची कमाई गेली. डबा मात्र दोघींना एकच. याला समान वाटप म्हणायचं असेल तर म्हणा, न्याय म्हणू नका.

आता तेच ४,८०० रुपये दुसऱ्या रीतीने खर्च करा. साडी २,२०० ची न निवडता १,२०० ची निवडा, चारही साड्या नवरीने घ्या आणि महिनाभर आधी हातात द्या. हीच भेट, डब्याला रजा. ब्लाऊज नवा शिवायचा नाही, सोनेरी किंवा काळा ज्याचा त्याचा घरातला घालायचा. तो बहुतेकींच्या कपाटात असतोच. पार्लर ऐच्छिक, आणि ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक. वेण्या मावशी घालतील, गजरे यजमानांचे. पेणहून रोह्याला वऱ्हाडाची गाडी नागोठण्यावरून जाणारच आहे, त्यात चौघींच्या जागा आधी धरून ठेवा. हळद रात्रीची, तेव्हा तिसरीने दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी यावं, तिला "सकाळपासून ये ना गं" असा आग्रह नको. तिचा खर्च ५,८०० वरून ६०० वर आला, म्हणजे एका बुडालेल्या रोजावर. तो रोज भरून देता येणार नाही, आणि देऊही नये. मैत्रिणीला मजुरी देणं तिला आवडणार नाही. काही गोष्टी मैत्री सोसते. पण सहाशे सोसणं वेगळं आणि सहा हजार सोसणं वेगळं. नवरा-नवरीच्या खिशातून मात्र तेवढेच पैसे गेले, एक रुपयाही जास्त नाही.

यात मी काही नवीन शोधलेलं नाही. करवलीला साडी मुलाकडच्यांनी किंवा मुलीकडच्यांनी घ्यायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. कऱ्हा हातात घेऊन मागे उभी राहणारी पोर स्वतःच्या पैशाने नटून आली पाहिजे, असं आपल्या आज्या कधी म्हणाल्या नाहीत. ज्याने मान द्यायचा त्यानेच मानाला लागणारा खर्च करायचा, एवढं साधं ते होतं. मध्ये कुठेतरी आपण खर्च मैत्रिणीवर ढकलला, मान फोटोत नेला आणि उरलेल्या अपराधी भावनेचा डबा बांधला.

त्या रीतीत आणखी एक शहाणपण होतं. मान नात्याच्या जवळिकीवर नव्हता, कामावर होता. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळला की त्याला कानपिळणीचा मान मिळतो. तो सख्खा असो की चुलत, कान ज्याने पिळला त्याचा मान. आगरी लग्नांत धवला गाणारी धवलारीण घरच्यांची कुणीही लागत नसली तरी तिच्यावाचून पान हलत नाही, आणि तिचा मान तिला मिळतोच. यामुळे एक मोठा प्रश्न आपोआप सुटतो. "ती जास्त जवळची की मी?" हे मांडवात विचारायला जागाच राहत नाही. करवल्या चार असतील तर चौघींनी एकच काम केलं, म्हणून चौघींना एकच साडी. पहिलीपासूनची आणि दोन वर्षांची, दोघींना सारखी. सारखेपणाची खरी जागा ही आहे, आणि इथे तो मी हट्टाने मागेन.

"साहेबांकडे तर राणीच्या काळापासून सगळ्यांना सारखंच देतात," असा एक दाखला अधूनमधून पुढे येतो. खरं आहे. १८४० साली व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं तेव्हा तिच्या पायघोळ झग्याचा शेला उचलणाऱ्या बारा जणींना गरुडाच्या आकाराचे पिरोजा जडवलेले एकसारखे ब्रोच दिले होते, आणि ते प्रिन्स अल्बर्टने काढलेल्या नमुन्यावरून केले होते. पण त्या बारा जणी सगळ्या बड्या सरदार घराण्यांतल्या मुली होत्या. कुणाचाही रोज बुडाला नव्हता. सारख्यांना सारखं दिलं तर ते शोभतं. हमरापूर आणि हिंजवडी या दोघींना सारखं देताना आधी दोघींनी काय मोजलं ते बघावं लागतं. बारा सरदारकन्यांचा दाखला आपल्या चौघींना लावणं हे घोड्याचं खोगीर बकरीवर टाकण्यासारखं आहे.

बरं, मग जवळिकीचं काय? नवरीला तिसरी मैत्रीण चौथीपेक्षा शंभरपट जवळची आहे, हे काय लपवायचं? लपवायचं नाही, पण मांडवात दाखवायचंही नाही. जिवाभावाच्या मैत्रिणीला जे काही जास्त द्यायचं ते लग्न उरकल्यावर, मांडवपरतणीला माहेरी आल्यावर, तिच्या घरी जाऊन द्यावं. आणि ते पैशाने मोठं नसावं. इथे मी "जवळच्याला जास्त द्या" म्हणणाऱ्या दुसऱ्या टोकाशीही भांडतो आहे. तिसरीला चुपचाप दहा हजारांचं कानातलं दिलंत, तर तुम्ही तिच्यावर उपकार केला असं तुम्हाला वाटेल. तिच्या घरात मात्र तिची आई त्याच रात्री हिशोब करेल: आता हिच्या मुलाच्या बारशाला काय न्यायचं? आपल्याकडे आहेराची वही उगाच नसते. कुणी काय दिलं ते तीत लिहिलेलं असतं आणि वेळ आली की ते फेडायचं असतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये देणगीवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, घेतलेल्या भेटीसोबत परतफेडीचं बंधन येतं, हे जगभरचे दाखले देऊन मांडलं. पेणच्या कुठल्याही बाईला ते ऐकून आश्चर्य वाटणार नाही. तेव्हा जवळच्या गरीब मैत्रिणीला देताना असं द्या की ज्याची परतफेड पैशात करावीच लागू नये. शाळेतल्या फोटोंची एक वही, हाताने लिहिलेलं पत्र, तिच्यासोबत काढलेला एक अख्खा दिवस. हे चौथीला दिलं तर खोटं वाटेल, तिसरीला दिलं तर खरं वाटेल. वेगळेपण असावं ते इथे.

उघड भेट सारखी द्यायची म्हटल्यावर वस्तू निवडतानाही एक खबरदारी हवी, कारण सारखेपणा फसतो तो बारीक गोष्टींत. चांदीचं नाणं हा आवडता पर्याय. त्यावर वजन कोरलेलं असतं. एकीला पाच ग्रॅमचं आणि दुसरीला दहाचं गेलं की डबी उघडताक्षणी सगळा निवाडा वाचता येतो, वर पुन्हा सराफाकडे न जाताही किंमत काढता येते. "कमी पडली म्हणून वेगळ्या दुकानातून दोन आणल्या" अशा साड्यांचंही तेच. काठाचा जर हलका निघाला की कुणाची साडी नंतर आली हे करवल्यांना पहिल्या फोटोत कळतं. सहा लागणार असतील तर सात घ्या, एकाच गठ्ठ्यातून, आणि किमतीची चिठ्ठी काढूनच द्या. सातवी वाया जात नाही. ऐनवेळी आलेली एखादी चुलतबहीण असतेच.

नवऱ्याकडच्या बाजूला तर आभाराचा विषय निघतच नाही, आणि तिथला हिशोब जास्त वाकडा असतो. रोह्यातल्या मित्रमंडळींना भेट म्हणून फार तर सारखे कुर्ते आणि फेटे. फेट्याचे पैसे बहुतेक नवरा देतो, कुर्त्याचे ज्याचे त्याने. पण खरा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. बँजोवाल्यांसाठी वर्गणी, वरातीच्या फुलांसाठी वर्गणी, सगळ्यांनी मिळून फ्रीज द्यायचा म्हणून वर्गणी. त्यात कोलाडच्या रिसॉर्टवरची एक रात्र, बिल माणशी वाटून. कुंडलिकेत राफ्टिंगला लागणारं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून आपसूक येतं. रिसॉर्टचं बिल तसं येत नाही. धाटावच्या कंपनीत कंत्राटी शिफ्ट करणारा मित्र आणि मुंबईहून आलेला इंजिनीअर मित्र यांना माणशी एकच आकडा पडतो, आणि "सारखं" हा शब्द इथे भेटीलाच नाही तर वर्गणीलाही लागू होतो. मला विचाराल तर कोलाडची रात्र नवऱ्याने द्यावी, हीच त्याची आभाराची भेट. परवडत नसेल तर रात्र रद्द करावी, कुणाच्या तरी अंगणात चुलीवर मटण शिजवावं. फ्रीजची वर्गणी काढायचीच असेल तर माणशी आकडा सांगू नये. एकाकडे पाकीट फिरवावं, ज्याने त्याने जमेल ते टाकावं, आणि नवऱ्याला कुणाचे किती हे कधीही कळू नये. पाकीट फिरवणारा माणूस तोंडाचा घट्ट हवा, एवढी एक अट.

यावर नेहमीचा आक्षेप येईल तो असा: "मैत्रीत कसला हिशोब काढत बसता? आमच्या वेळी असं नव्हतं." तुमच्या वेळी करवलीला साडी मिळत होती, तेव्हा तो हिशोब आजी-आजोबा चुपचाप करत होते. तो दिसत नव्हता म्हणून नव्हताच असं नाही. आता मुलंमुली स्वतः लग्नं उभी करतात, तर हिशोब त्यांनीच करायला हवा. आणि हिशोबाला लाजणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो ज्याला त्या पैशांची झळ लागत नाही. तिसरीने कधीही हिशोब मागितला नाही, हे लक्षात असू द्या. मागणारही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "नवरीच्याच घरी पैशाची ओढाताण असेल तर चार साड्या कुठून आणायच्या?" बरोबर. मग चार करवल्या तरी कशाला? एक करवली कऱ्हा धरायला पुरते. बाकीच्या मैत्रिणी मैत्रिणी म्हणून येतील आणि हव्या त्या साडीत येतील. एकसारख्या साडीचा हौशी फोटो हवाच असेल तर "प्रत्येकीने घरातलं पिवळं काहीतरी नेसा" म्हणा. पिवळ्याच्या पन्नास छटा एका ओळीत उभ्या राहिल्या तरी फोटो बिघडत नाही. ज्याचा खर्च आपल्याला झेपत नाही तो मैत्रिणींकडून करून घ्यायचा, हा पर्याय मात्र या यादीत नाही.

आणि पुण्याची मैत्रीण म्हणाली, "अगं, मी माझी साडी घेते, मला काही जड नाही," तर? तिलाही नवरीचीच साडी. एकीने स्वतःची घेतली की दुसरीला ती का घेत नाही हे सांगावं लागतं. पुण्याच्या मैत्रिणीला जास्त खर्च करायची हौस असेल तर ती आहेरात करेल, तिथे तिला कुणी अडवत नाही. "तुला परवडेल ना?" हे एकीलाही विचारायचं नाही, चौघींसाठी एकदाच ठरवून टाकायचं, यातच गरीब मैत्रिणीची लाज राखली जाते.

तेव्हा यंदा तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी मांडव पडणार आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. पत्रिका छापायला देण्याआधी एका कागदावर करवल्यांची आणि मित्रांची नावं लिहा, प्रत्येकासमोर त्याला आपल्या लग्नापायी किती पडणार ते लिहा, आणि त्यातला जेवढा आकडा आपल्या हौशीचा आहे तेवढा आपल्या खर्चात टाका. डब्यांची ऑर्डर त्यानंतर द्या, पैसे उरले तर.